कळवळा आणि बंधुता: बडोद्यातल्या एका संध्याकाळी दोन्ही वेगळ्या पडतात

एखाद्याची अवस्था पाहून जीव कळवळला की आपण त्याला भाऊ मानलं, असं आपण सहज धरून चालतो. पण कळवळा आणि बंधुता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. दुसरी मात्र 1917 साली बडोद्यात शोधूनही मिळाली नाही.

प्रसंग बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण त्यातल्या माणसांकडे फारसं कोणी नीट पाहत नाही. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला पाठवलं, जून 1913 पासून तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती देऊन. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. त्याप्रमाणे ते 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याला आले आणि राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव लावून, ते उतरले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले: संध्याकाळपर्यंत जागा खाली करा.

काठीवाल्यांपाशी थांबण्यात अर्थ नाही. तिथे ना कळवळा होता ना बंधुता, त्यामुळे फरक कळत नाही. फरक कळतो पुढच्या दोन घरांत. आंबेडकर आधी एका हिंदू मित्राकडे गेले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा माणूस मनाने फार चांगला होता. हकीकत ऐकून त्याला वाईट वाटलं, संतापही आला. मग तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. आंबेडकरांना इशारा पुरला. दुसरा मित्र ख्रिस्ती. त्याने पूर्वी स्वतःहून राहायला बोलावलं होतं, पण आता म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. नवराबायको दोघंही मूळचे ब्राह्मण घरातले. धर्म बदलला तरी बाईंचा सोवळेपणा सुटला नव्हता. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास आंबेडकरांनी कमाटीबागेत काढले.

त्या हिंदू मित्राचा कळवळा खोटा होता असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो खोटा नव्हता. इथेच खरी मेख आहे. कळवळा ही भावना आहे, ती ज्याला वाटते त्याच्या घरात राहते आणि तिच्यासाठी घरातली एकही वस्तू हलवावी लागत नाही. बंधुता हा व्यवहार आहे. तो करायचा तर त्या दिवशी नोकर जाऊ द्यावे लागले असते, कदाचित महिनाभर भांडी स्वतः घासावी लागली असती. म्हणजे सगळा प्रश्न किमतीचा होता, आणि किंमत काही जगावेगळी नव्हती.

आता त्या नोकरांचंही पाहू. मालकाच्या पगारावर जगणारा माणूस मालकाचा पाहुणा कोण असावा हे कसं ठरवू शकतो? जातीने त्याला पगाराशिवाय आणखी एक गोष्ट दिलेली असते: आपल्याखाली कोणीतरी असल्याची खात्री. कचेरीतले शिपाई आंबेडकरांच्या टेबलावर फायली लांबून टाकत, त्याचंही कारण तेच. दोन वर्गांची सरळ विषमता असती तर खालचे सगळे एक झाले असते. जातीची विषमता पायऱ्यांची आहे. वर चढत जावं तसा आदर वाढतो, खाली उतरावं तसा तिरस्कार. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला सांभाळायला थोडंसं काही असतं, म्हणून तोही तो जिना मोडू देत नाही.

जात ही नैतिक चूक आहे असं म्हणताना आपण सहसा क्रौर्याकडे बोट दाखवतो. त्या संध्याकाळी मित्रांच्या घरी क्रौर्य नव्हतंच. चूक जास्त खोल आहे: माणूस कसा आहे, लायक आहे का, अडचणीत आहे का, हे प्रश्न जात विचारूच देत नाही, कारण जन्माने उत्तर आधीच दिलेलं असतं. 1936 मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण परिषद रद्द झाल्याने न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी हेच मांडलं. दानधर्म आहे, पण तो जातीपासून सुरू होऊन जातीतच संपतो. सहानुभूती आहे, पण परजातीच्या माणसासाठी नाही. बडोद्याच्या मित्राची सहानुभूती जातीबाहेर गेली खरी, पण उंबऱ्याशी थांबली.

दोन्हींतला फरक ओळखायला गुजरातच्या खेड्यांत एक वस्तूच मिळते: रामपातर. दलित माणसाला चहा द्यायला वेगळा ठेवलेला कप किंवा बशी. चहा तोच, फुकट, आग्रहानेही दिलेला, भांड्याला नाव तर देवाचं. पिणाऱ्याने ते स्वतः विसळून पुन्हा जागेवर ठेवायचं. यात आतिथ्य आहे असं देणाऱ्याला मनापासून वाटू शकतं. म्हणून देणाऱ्याचा चेहरा पाहून काही कळत नाही, कप कुठे ठेवला जातो ते पाहावं लागतं. आपल्या शहरी मराठी घरांत कामवाल्या बाईंचा ओट्याच्या कोपऱ्यातला तडा गेलेला कप असतो, तो याच घराण्यातला. भाड्याने घर शोधणाऱ्याला गोडीने विचारलं जाणारं ‘आडनाव काय आपलं?’ हेसुद्धा.

कायद्याने यातलं किती सुटलं? विश्रामगृहाचं सुटलं. संविधानाचं कलम 17 अस्पृश्यता नष्ट करतं, कलम 15 चा दुसरा खंड दुकानं, उपाहारगृहं, पाणवठे सर्वांना खुले करतो, आणि 1955 च्या कायद्याने अस्पृश्यता पाळून जागा नाकारणं गुन्हा ठरलं. मित्राच्या घराचा उंबरा मात्र कायद्याच्या हातात येत नाही, यावाही नये. कठीण जागा या दोहोंच्या मधली. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला. छोट्या समाजाला एकत्र राहावंसं वाटणं समजू शकतं. पण तोच नियम प्रत्येक जातीच्या सोसायटीने लावला, तर आडनाव विचारायचीही गरज उरणार नाही, पाटीच पुरेल.

लोकशाहीचा संबंध इथे येतो. आंबेडकरांच्या मते लोकशाही हा आधी एकत्र जगण्याचा प्रकार आहे, सरकारचा नंतर. संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. उद्देशिकेत तो मसुदा समितीने घातला, आणि त्यापुढे व्यक्तीची प्रतिष्ठा आधी ठेवून राष्ट्राची एकता नंतर. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बजावलं की बंधुतेशिवाय समता आणि स्वातंत्र्य हे रंगाच्या हातापेक्षा खोल जाणार नाहीत. बडोद्यात तो रंग चांगल्या प्रतीचा होता: 1906 पासून सक्तीचं प्राथमिक शिक्षण, दलित मुलांसाठी शाळा, परदेशी शिष्यवृत्ती. महाराजांनी वरून जे देता येतं ते दिलं. राहायची खोली मात्र शेजारीच देऊ शकतो.