चारावरून तीनवर आलेली मुलगी

डिचोलीतली एखादी मराठी शाळा डोळ्यांसमोर आणा. पाचवीच्या मुलांना वर्षभर आठवड्याला एक तास राग ओळखणं, थांबणं, समोरच्याला काय वाटलं असेल ते सांगणं शिकवलं जातं. सुरुवातीला आणि शेवटी एकच प्रश्नावली भरून घेतात: ‘राग आला तरी मी स्वतःला आवरतो किंवा आवरते’, एक ते पाच गुण द्या. एक मुलगी सुरुवातीला स्वतःला चार देते, वर्षअखेर तीन. वर्गाची सरासरीही थोडी घसरते. मुख्याध्यापक म्हणतात, तास वाया गेले.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. सुरुवातीला त्या मुलीच्या लेखी ‘आवरणं’ म्हणजे कुणाला न मारणं. वर्षभरात तिला कळलं की तोडून बोलणं, वही हिसकावणं हेही त्यातच येतं. मुलगी बदलली, पण तिची मोजपट्टीही बदलली.

२०१६ साली बॉस्टनमधल्या ३२ शाळांतल्या आठवीच्या १,३६८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या चार्टर शाळांतल्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळांतल्या, मुलांची परीक्षेतली प्रगती जास्त होती, तरी आत्मसंयमात त्यांनीच स्वतःला कमी गुण दिले होते. ज्या शाळेत अपेक्षा कडक, तिथलं मूल स्वतःला कडक जोखतं, असा संशोधकांचा कयास आहे.

यावर एक साधी युक्ती आहे. प्रश्नावलीत एक छोटी गोष्ट घालायची. शिगमोच्या तालमीत रघूला ढोल वाजवायची पाळी मिळत नाही. तो काठी फेकतो, जरा वेळाने स्वतःच उचलून आणतो. रघूला किती गुण? आपल्या मुलीने सुरुवातीला त्याला चार दिले होते, म्हणजे स्वतःइतकेच. शेवटी त्याच रघूला ती दोन देते आणि स्वतःला तीन. रघू तर कागदावर जसाच्या तसा आहे. म्हणजे पूर्वी ती त्याच्या बरोबरीला होती, आता एक पायरी पुढे आहे. फक्त गोष्ट दोन्ही वेळा सारखीच कळायला हवी.

अगदी लहान मुलांना असे आकडे पेलत नाहीत. त्यांच्यासाठी खेळच बरा: बाई ‘डोकं’ म्हणाल्या की पायाची बोटं धरायची, ‘पाय’ म्हणाल्या की डोकं. हात आपसूक डोक्याकडे निघतो आणि मूल तो मध्येच वळवतं, तेव्हा आवरणं डोळ्यांना दिसतं.

तरीही एक प्रश्न उरतो. दहा महिन्यांत मूल वयानेही शहाणं होतं. म्हणून तास न मिळालेली दुसरी तुकडी तुलनेला हवीच. दोन्ही तुकड्यांना मधल्या सुट्टीत पावभाजीच्या रांगेत पाहायचं, ढकलाढकल किती वेळा झाली आणि पडलेल्याला कुणी उठवलं का, ते लिहायचं. लिहिणाऱ्याला मात्र कुठल्या तुकडीला तास मिळाले ते माहीत नसावं. नाहीतर वर्गशिक्षिकेला, वर्षभर जीव ओतून शिकवलेलं असल्यामुळे, आपली मुलं शांतच दिसतात.