पोटमाळ्यावर खराब होणारा रेनकोट

मे महिन्याच्या शेवटी पोटमाळ्यावरून दोन रेनकोट खाली काढले. एक माझा, एक धाकट्या भावाचा. दोन्ही एकाच वर्षी घेतलेले आणि एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले. माझा कोट उलगडताना चर्रकन आवाज करत सुटला, आतली बाजू हाताला चिकटली आणि आंबूस वास आला. भावाच्या कोटाचं कापड धडधाकट होतं. मात्र खांद्याच्या शिवणीवरची पट्टी सुटून लोंबत होती आणि कॉलरपाशी फुगे आले होते. आई म्हणाली, "पावसाने गेले." बहुतेकांना असंच वाटतं. पण गेल्या पावसाळ्यात मी हा कोट जेमतेम आठ-दहा दिवस घातला होता. तो बिघडला उरलेल्या महिन्यांत, पिशवीत.

माझा कोट लेप दिलेल्या कापडाचा आहे. नायलॉनच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचं पातळ द्रावण पसरून वाळवतात. पाणी अडवतो तो हा लेप, कापड नव्हे. आता पॉलियुरेथेन म्हणजे लांबलचक साखळ्यांचं प्लास्टिक, आणि स्वस्त लेपांत या साखळ्यांचे बरेचसे सांधे एस्टर जातीचे असतात. शाळेत आपण एस्टर शिकलो ते आठवा: आम्ल आणि अल्कोहोल एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एस्टर तयार होतं. ही क्रिया उलटीही चालते. पाण्याचा रेणू परत सांध्यात शिरला की एस्टर तुटतं आणि एका टोकाला आम्ल, दुसऱ्या टोकाला अल्कोहोल मोकळं होतं. यालाच जलीय विच्छेदन म्हणतात.

इथे मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. सांधा तुटल्यावर जे आम्ल मोकळं होतं, तेच शेजारचा सांधा तुटण्याचा वेग वाढवतं. म्हणजे जितकं बिघडतं, तितकं अधिक लवकर बिघडतं. त्यामुळे दोन-तीन वर्षं कोट अगदी ठीक दिसतो आणि मग एका उन्हाळ्यात अचानक "गेला" असं वाटतं. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की प्लास्टिक कडक राहत नाही, काकवीसारखं चिकट होतं. आणखी तुटलं की कोंड्यासारखे पापुद्रे झडतात. आंबूस वासही या बिघाडातूनच येतो.

यासाठी धो धो पाऊस लागत नाही. हवेतली वाफ लेपात मुरते, तेवढी पुरते. उरलेलं काम उष्णता करते. पत्र्याखालचा पोटमाळा, त्यात अर्धवट वाळलेला कोट आणि वरून गाठ मारलेली पिशवी: हा लेप नासवण्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. चिकट कोटावर टाल्कम पावडर भुरभुरण्याचा उपाय घरोघरी करतात. पावडरीमुळे घड्या एकमेकींना चिकटत नाहीत, एवढंच. तुटलेली साखळी तिने जुळत नाही. असा कोट टाकूनच द्यावा लागतो आणि मीही टाकला.

भावाच्या कोटात पाणी अडवायला लेप नाही, वेगळं बनवलेलं पटल, म्हणजे पातळ पडदा आहे. अमेरिकन अभियंते रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनची कांडी हळूहळू न ओढता झटक्यात ताणली आणि ती तुटण्याऐवजी सच्छिद्र होऊन लांबली. अशा ताणलेल्या टेफ्लॉनचं पटल दोन कापडांच्या मध्ये गोंदाच्या बारीक ठिपक्यांनी चिकटवतात. टेफ्लॉनमधले कार्बन-फ्लोरीन बंध पाणी तोडू शकत नाही, म्हणून त्याच पिशवीत राहूनही पटल शाबूत राहिलं. छिद्रांतून पाणी का येत नाही? टेफ्लॉन पाण्याला जवळ करत नाही, म्हणून छिद्रात शिरायला पाण्याला जोर लावावा लागतो, आणि छिद्र दहापट लहान झालं की जोर दहापट लागतो. एक मिलिमीटरच्या छिद्रातून जायला सुमारे एक सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब पुरतो. हजारांश मिलिमीटरच्या छिद्राला तोच दहा मीटरचा लागतो. वाफेचे रेणू मात्र सुटे असतात, ते निघून जातात.

"घाम पूर्ण बाहेर टाकणारा कोट" ही जाहिरात मात्र सावधपणे वाचा. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या अंगाजवळ तो सुमारे ५ किलोपास्कल असतो. थंड हिमालयात बाहेर एकाच्या आसपास, म्हणजे फरक चारचा. कोकणात जुलैत बाहेरच तो साडेतीनच्या घरात असतो. तोच कोट इथे निम्म्याहूनही कमी काम करतो, यात कोटाचा दोष नाही.

मग पट्टी का सुटली? शिवताना सुई हजारो भोकं पाडते, ती झाकायला वितळणाऱ्या गोंदाची पट्टी गरम करून दाबतात. हा गोंद बऱ्याचदा पॉलियुरेथेनचाच, म्हणजे माझ्या लेपाचाच भाऊबंद. शिवाय खांद्यावर सॅकचा पट्टा घासतो आणि कॉलरला मानेचं तेल, सनस्क्रीन, घाम लागतो. तेलाने पटल आणि कापड यांच्यातले गोंदाचे ठिपके मऊ पडतात, तिथे फुगे येतात. "असे कोट धुवायचे नसतात" हा समज इथे नडतो. न धुतल्यामुळेच कॉलर गेली होती.

सुटलेली पट्टी आम्ही अशी बसवली. आधी त्या जागेचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू दिलं. मग पट्टीवर सुती रुमाल ठेवून, वाफ बंद करून, अगदी मंद इस्त्री काही सेकंद दाबली आणि गार होईपर्यंत वर जाड पुस्तक ठेवलं. गोंद चिकट होण्याइतपत जिवंत असेल तरच हे जमतं. त्याचा भुगा झाला असेल तर पट्टी सोलून काढून शिवणीवर भोकं बुजवणारा सीम सीलर लावावा लागतो. पीव्हीसीच्या जाड कोटाला मात्र इस्त्री लावू नका, तो वितळेल. त्याचे जोडही बहुधा शिवलेले नसून उष्णतेने सांधलेले असतात. आलेले फुगे घरी बसत नाहीत.

जमलं की नाही हे पाहायला तो खांदा वाटीसारखा धरून बाहेरच्या बाजूने पाणी ओतलं आणि खाली टिश्यू पेपर ठेवला. दहा मिनिटांनी कागद कोरडा होता.

पटलाचा कोट कोमट पाण्यात, थोड्या द्रव साबणाने धुवावा आणि दोनदा खळबळून काढावा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर कापडावर बसतो आणि कापड पाणी शोषू लागतं. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप उष्णतेने पुन्हा कामाला लागतो, थेंब गोळा होऊन घरंगळतात. थेंब पसरून कापड काळपट पडलं तर अंगाला ओल लागते आणि कोट गळतोय असं वाटतं. प्रत्यक्षात घामाची वाट बंद झालेली असते.

लेपाच्या कोटाला इस्त्री नाही, मशीनचा पिळा नाही, ब्रशने घासणं नाही. गार पाण्यात हाताने धुवून सावलीत, आतून-बाहेरून पूर्ण वाळवायचा. माझा नवा कोटही लेपाचाच आहे. तो या दिवाळीनंतर पोटमाळ्यावर जाणार नाही. आतल्या खोलीत, गार भिंतीलगत, पिशवीविना हँगरवर राहील.