सायरन वाजला की गल्लीतली सगळी कुत्री एकदम सूर का लावतात

अ‍ॅम्ब्युलन्स गेली की कोपऱ्यावरचं एक कुत्रं मान वर करून ऊऊऊ सुरू करतं, मग दुसरं, मग तिसरं, आणि अर्ध्या मिनिटात पार मागच्या गल्लीतली पण सामील होतात. हे सगळ्यांनीच ऐकलंय आणि कारण विचारलं की दहातले आठ जण सांगतात की कुत्र्यांचे कान तिखट असतात, सायरनने त्यांचे कान दुखतात म्हणून ती रडतात. ऐकायला पटतं, पण दिवाळीत काय होतं ते आठवा. सुतळी बॉम्ब सायरनपेक्षा खूप मोठा वाजतो, कुत्र्यांना त्याचा त्रास होतो हे तर उघड दिसतं, आणि तेव्हा ती काय करतात? गाडीखाली घुसतात, शेपूट पायात घालून थरथरतात, घाबरून पळून जातात आणि काही तर दोन-दोन दिवस परत येत नाहीत. मान वर करून ऊऊऊ करणारं कुत्रं मला तरी फटाक्यांच्या वेळी कधी दिसलेलं नाही. सायरनला मात्र ती जागेवर उभी राहतात, कधी कधी तर आवाजाच्या दिशेने चार पावलं पुढे येतात. ज्याचे कान दुखतायत तो असं वागत नाही. म्हणजे आवाज किती मोठा आहे यापेक्षा आवाजाचा आकार कसा आहे यावर हे सगळं ठरतं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आकार म्हणजे काय तर आवाज वेळेनुसार कसा वर-खाली जातो ते. कुत्र्याचं भुंकणं तुटक असतं, भसकन येतं आणि संपतं. हे जे ऊऊऊ आहे ते वेगळं, एकच सूर, त्यात फार खरखर नाही, हळूहळू वर चढतो, थोडा वेळ तिथे राहतो आणि घसरत खाली येतो, आणि हे सगळं काही सेकंद चालतं. हा वारसा लांडग्याचा आहे. आपल्याकडच्याच लांडग्यांचा यावर अभ्यास झालाय, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या सौगत साधुखान, बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या माळरानांवर लांडग्यांचे आवाज रेकॉर्ड केले आणि 2019 मध्ये त्याचा पेपर आला. त्यात भारतीय लांडग्याच्या या लांब हाळीचा मूळ सूर सरासरी 422 हर्ट्झच्या आसपास आणि लांबी सरासरी सव्वापाच सेकंद निघाली. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आता जुना भोंगा घ्या, नगरपालिकेच्या इमारतीवर किंवा कारखान्यावर असतो तो, ज्याची मॉक ड्रिलला आठवण येते. त्यात स्पीकर वगैरे काही नसतं. आत मोटरवर एक फिरती चकती असते, तिच्या कडेला खिडक्या पाडलेल्या असतात, बाहेरच्या स्थिर डब्याला पण तशाच खिडक्या. चकती फिरली की खिडकीसमोर खिडकी येते तेव्हा हवा भसकन बाहेर पडते, पुढच्या क्षणी बंद, परत चालू. हवेचे हे झोत सेकंदाला जितके तितके हर्ट्झ. समजा चकतीला 10 खिडक्या आहेत आणि मोटर मिनिटाला 2800 फेरे मारते, तर सेकंदाला साधारण 47 फेरे झाले आणि 47 गुणिले 10 म्हणजे 470 हर्ट्झच्या जवळपास सूर निघणार. लांडग्याचा सरासरी 422. पण त्याहून महत्त्वाचं असं की मोटर एकदम पूर्ण वेगात येऊ शकत नाही, चकती जड असते, त्यामुळे वेग हळूहळू वाढतो आणि सूर पण तळापासून चढत चढत वर जातो, आणि वीज बंद केली की चकती आपोआप मंदावते तसा सूर घसरत खाली येतो. कोणी मुद्दाम तसं केलेलं नाही, पण यंत्राच्या जडपणामुळेच त्यातून लांडग्याच्या हाळीसारखा आकार बाहेर पडतो.

अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन इलेक्ट्रॉनिक असतो, त्याचा सूर यापेक्षा वरचा, साधारण 600 ते 1500 हर्ट्झच्या दरम्यान फिरतो, पण आकार मात्र याच भोंग्याची नक्कल. ड्रायव्हरकडे सहसा दोन-तीन प्रकार असतात. एक लांब हेल, ज्याची एक चढ-उतार पूर्ण व्हायला काही सेकंद लागतात, आणि दुसरा तो ट्रॅफिकमध्ये लावतात तो ट्यांवट्यांवट्यांव, ज्यात सेकंदाला तीन-चार वेळा चढ-उतार होते. पुढच्या वेळी नीट लक्ष देऊन ऐका की तुमच्या गल्लीतली कुत्री कुठल्या प्रकाराला सूर लावतात. आकाराचंच कारण असेल तर लांब हेलाला ती जास्त साथ देणार, कारण सव्वापाच सेकंदांच्या हाळीशी त्याचीच लांबी जुळते. शंख, ट्रेनची लांब शिटी, कुठे अजान, कुठे सनईचा लांबवलेला सूर, यांना पण काही कुत्री साथ देतात त्याचं कारण हेच, लांबलेला घसरता सूर. त्यात कुठल्याही धर्माचा किंवा शकुनाचा संबंध नाही. घंटेला किंवा गाडीच्या हॉर्नला फारशी देत नाहीत कारण घंटा एकदम ठणकन सुरू होते आणि हॉर्न एकाच पट्टीत ओरडतो, वर-खाली होत नाही.

बरं, आवाज ओळखीचा वाटला म्हणून उत्तर कशाला द्यायचं? याचं उत्तर लांडग्यांवरच्या जुन्या कामात सापडतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाच्या जंगलात फ्रेड हॅरिंग्टन आणि डेव्हिड मेक हे दोन संशोधक काम करत होते, आणि तिथली पद्धत अशी की रात्री जंगलात उभं राहून माणसानेच तोंडाने लांडग्यासारखी हाळी द्यायची आणि वाट बघायची. माणसाच्या नकलेला लांडगे खरोखर उत्तर देतात, म्हणजे नक्कल हुबेहूब असायची गरज नाही, आकार जमला की पुरतं, आणि सायरनचं कोडं इथेच अर्धं सुटतं. त्यांच्या नोंदींवरून असं दिसलं की ज्या टोळीकडे ताजी शिकार आहे किंवा जवळ पिल्लं आहेत, म्हणजे राखायला काहीतरी आहे, ती टोळी जास्त उत्तर देते, आणि उत्तर देणारी टोळी बहुतेकदा जागा सोडत नाही. म्हणजे उत्तराचा अर्थ, ही जागा आमची, आम्ही इथे आहोत. आपली रस्त्यावरची कुत्री पण अशीच घोळक्याने राहतात, प्रत्येक घोळक्याची हद्द ठरलेली असते, रात्री बाईकवरून जाताना आपल्याला ती हद्द बरोबर कळते! त्या हद्दीत लांबून कोणीतरी हाळी देत जवळ येतंय असं ऐकू आलं की घोळका उत्तर देतो.

मग सगळी एकत्र का? कारण पहिलं कुत्रं सायरनला उत्तर देतं, पण दुसरं बऱ्याचदा पहिल्या कुत्र्याला देत असतं. शेजारच्या कुत्र्याची खरी हाळी लांबच्या सायरनपेक्षा कितीतरी जास्त पटणारी असते. सायरन गेल्यावर पण दोन-तीन मिनिटं सूर चालू राहतो तो यामुळेच. आणि नीट ऐकलंत तर सगळी एका पट्टीत कधीच नसतात, प्रत्येकाचा सूर वेगळा आणि सतत सरकणारा. लांडग्यांच्या टोळीत पण हेच होतं, सरकते सूर एकमेकांत मिसळले, वर इमारतींवरून किंवा टेकडीवरून आवाज परत आला, की ऐकणाऱ्याला चार प्राण्यांच्या जागी आठ-दहा वाटतात. हद्द राखायची असेल तर आपण आहोत त्यापेक्षा जास्त वाटणं फायद्याचंच.

हा वारसा सगळ्या कुत्र्यांत सारखा शिल्लक नाही. बुडापेस्टच्या एल्टे विद्यापीठाने 2023 मध्ये एक प्रयोग छापला, त्यात 68 पाळीव कुत्र्यांना लांडग्यांच्या हाळ्या ऐकवल्या. वयाने पाच वर्षांच्या वरच्या कुत्र्यांमध्ये फरक स्पष्ट दिसला, ज्या जाती जनुकीयदृष्ट्या लांडग्याला जवळच्या त्या लांब सूर लावून उत्तर द्यायच्या, आणि लांबच्या आधुनिक जाती त्याऐवजी भुंकायच्या. त्यात रस्त्यावरची भारतीय कुत्री नव्हती, पण आपलं गावठी कुत्रं हे काही युरोपातल्या ब्रीडरने घडवलेलं नाही, हजारो वर्षं माणसाच्या आसपास आपापलं जगत आलेलं आहे, त्यामुळे फ्लॅटमधला पग नुसता भुंकतो आणि खालची गावठी सूर लावतात याचं मला तरी नवल वाटत नाही. याच प्रयोगातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, जी कुत्री जास्त सूर लावत होती त्यांच्यात ताणाच्या खुणा पण जास्त दिसल्या. म्हणजे ती मजेत गात असतात असंही नाही. वेदना नाही, पण हद्दीवर कोणीतरी आलंय याची धास्ती असावी.

आता शकुनाचं. कुत्री रडली की कोणीतरी जातं, त्यांना यम दिसतो, हे आपल्याकडे अजून खूप जण मानतात आणि त्यापायी रात्री त्यांना दगड मारतात, ते बघून खूप वाईट वाटतं. अ‍ॅम्ब्युलन्स येते तीच मुळात कोणीतरी सिरियस असतं म्हणून, त्यामुळे कुत्र्यांचा सूर आणि मृत्यू यांची गाठ पडत राहणार. "पण अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधीच रडायला लागली होती" असं लोक सांगतात, आणि ते खरं असू शकतं. अ‍ॅम्ब्युलन्स सिग्नलला अडकलेली असते, पण तिथल्या कुत्र्यांनी सूर लावला की पुढच्या गल्लीतली उचलतात, मग त्याच्या पुढची, आणि ही साखळी गाडीच्या कितीतरी पुढे पळते. त्यात रात्री गर्दीचा आवाज नसतो, जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा थंड असेल तर आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि लांबपर्यंत पोचतो. आपण पंखा लावून खिडकी बंद करून आत झोपलेलो आणि ती बाहेर उघड्यावर, तर त्यांना आधी ऐकू येणारच.

फक्त एक फरक कळायला हवा. घोळक्याने लावलेला सूर कशाला तरी उत्तर असतं आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो, त्याला काही करायची गरज नाही. एकटंच कुत्रं, आसपास कुठलाही आवाज नसताना, एकाच जागी तासन् तास विव्हळत असेल तर ते जखमी असू शकतं, गाडीचा धक्का लागलेला असतो, किंवा पिल्लं हरवलेली मादी असते, तेव्हा लांबून बघून प्राणिमित्रांना किंवा पालिकेला कळवा. आणि आवाजच बदललेला असेल, घोगरा, भुंकता भुंकता मध्येच हाळीत घसरणारा, सोबत लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, चाल अडखळतेय, तर ते रेबीजचं लक्षण असू शकतं, कारण त्या रोगात घशाचे स्नायू लुळे पडतात. अशा कुत्र्याच्या जवळ जाऊ नका, मुलांना आत घ्या आणि लगेच पालिकेला फोन करा. चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा.