दोन लहान खासगी कंपन्यांचे विलीनीकरण : पात्रता, कागदपत्रे आणि आदेशानंतरची कामे

एकाच कुटुंबाच्या किंवा एकाच मालकवर्गाच्या दोन खासगी कंपन्या एकत्र करायच्या असतील, तर प्रत्येक वेळी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जावे लागत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३३ मध्ये यासाठी संक्षिप्त मार्ग दिलेला आहे आणि तो १५ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. या मार्गात मंजुरी केंद्र सरकारच्या वतीने प्रादेशिक संचालक देतात. संमतीची अट मात्र न्यायाधिकरणाच्या मार्गापेक्षा कडक आहे आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात. म्हणून कागदपत्रांच्या यादीआधी ही अट समजून घेणे आवश्यक आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोसरीत यंत्रभाग बनवणारी एक कंपनी आहे. तिला येथे पहिली कंपनी म्हणू. तिचे एक लाख समभाग आहेत आणि नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाच्या हिशेबाने एका समभागाची किंमत ५०० रुपये, म्हणजे कंपनीचे मूल्य पाच कोटी रुपये आहे. दुसरी कंपनी चाकणला पत्र्याचे भाग दाबून काढते. तिचे ८० हजार समभाग प्रत्येकी १२५ रुपयांचे, म्हणजे मूल्य एक कोटी रुपये आहे. तिच्याकडे तीन कोटी रुपये बाजारभावाची जागा आहे, पण कर्जही आहे आणि गेली काही वर्षे ती तोट्यात आहे. दोन्हीकडे तेच दोन भाऊ संचालक असून दुसऱ्या कंपनीत त्यांच्या चुलतभावाचे १२ टक्के समभाग आहेत.

अशा कंपन्या एकत्र येण्याची कारणे बहुधा साधी असतात. दोन लेखापरीक्षणे, दोन वार्षिक विवरणपत्रे आणि एकमेकींना दिलेल्या मालावर जीएसटीच्या पावत्या हा खर्च टाळायचा असतो. बँकेसमोर एकच भक्कम ताळेबंद ठेवायचा असतो. एकीचा नफा आणि दुसरीचा तोटा यांची करासाठी वजावट व्हावी अशीही इच्छा असते. यातले शेवटचे कारण सर्वात मोहक आणि सर्वात निसरडे आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

पात्रता

मूळ तरतुदीनुसार दोन किंवा अधिक लहान कंपन्या, किंवा धारक कंपनी आणि तिची पूर्ण मालकीची उपकंपनी, या मार्गाने जाऊ शकतात. २०२१ मध्ये स्टार्टअप कंपन्यांची आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी काही वर्गांची भर पडली. त्यात एकूण कर्ज, कर्जरोखे आणि ठेवी मिळून २०० कोटी रुपयांपर्यंत असलेल्या आणि परतफेडीत कसूर न केलेल्या असूचीबद्ध कंपन्यांचा समावेश आहे.

लहान कंपनी कोणती, हे भरणा झालेले भांडवल आणि उलाढाल या दोन्हींवर ठरते. या मर्यादा सप्टेंबर २०२२ मध्ये अनुक्रमे चार कोटी आणि चाळीस कोटी रुपये केल्या गेल्या होत्या. सरकार त्या वेळोवेळी वाढवत आले आहे, त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेली मर्यादाच धरावी. मात्र आकडे बसले म्हणून कंपनी लहान ठरतेच असे नाही. जी कंपनी दुसऱ्या कंपनीची धारक किंवा उपकंपनी आहे, तिला उलाढाल कितीही कमी असली तरी लहान कंपनी म्हणता येत नाही. आपल्या उदाहरणात पहिल्या कंपनीने दुसरीचे ५१ टक्के समभाग स्वतःच्या नावावर घेतलेले असते, तर दोन्ही कंपन्या या वर्गातून बाहेर पडल्या असत्या आणि पात्रता अन्य वर्गांत शोधावी लागली असती. समभाग भावांच्या वैयक्तिक नावावर आहेत, म्हणून ही अडचण येत नाही.

कागदपत्रे आणि त्यांचा क्रम

सुरुवातीला दोन्ही कंपन्यांच्या नियमावलीत विलीनीकरणाचा अधिकार दिलेला आहे का, ते पाहावे आणि नसेल तर विशेष ठरावाने तो घालून घ्यावा. त्यानंतर संचालक मंडळे योजनेचा मसुदा मंजूर करतात. मसुद्यात समभागांच्या अदलाबदलीचे प्रमाण, कामगारांची सेवा सलग राहण्याची हमी, प्रलंबित दाव्यांची जबाबदारी आणि नियत तारीख, म्हणजे ज्या दिवसापासून हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही कंपन्या एक मानायच्या ती तारीख, नमूद असावी.

मसुदा मंजूर झाल्यावर `CAA-9` नमुन्यातील सूचना कंपनी निबंधक, अधिकृत परिसमापक आणि योजनेचा परिणाम होणाऱ्या व्यक्तींना पाठवून ३० दिवसांत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. दोन्ही कंपन्या आपण देणी फेडण्यास समर्थ असल्याचे घोषणापत्र `CAA-10` नमुन्यात निबंधकांकडे दाखल करतात. त्यासोबत मालमत्ता व देण्यांचे विवरण आणि लेखापरीक्षकांचा अहवाल लागतो. तोट्यातल्या कंपनीने हे घोषणापत्र केवळ सोपस्कार समजू नये. त्यावर संचालकांची वैयक्तिक सही असते आणि पुढे ते खोटे ठरल्यास जबाबदारी त्यांच्यावरच येते.

संमतीची अट

संक्षिप्त मार्गात एकूण समभागांपैकी किमान ९० टक्के समभाग धारण करणाऱ्या सदस्यांची मंजुरी लागते. हे प्रमाण सभेला हजर असलेल्यांचे धरलेले नाही, त्यामुळे गैरहजर राहणारा सदस्यही व्यवहारात विरोधकच ठरतो. आपल्या उदाहरणातला चुलतभाऊ परदेशात असेल आणि त्याने पत्राला उत्तरच दिले नाही, तर उरलेल्या ८८ टक्क्यांनी एकमताने मंजुरी देऊनही अर्ज पुढे जात नाही.

त्याच्या मौनामागे कारणही असू शकते. अदलाबदलीचे प्रमाण ५०० ला १२५, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या चार समभागांना पहिलीचा एक असे येते. पहिली कंपनी एकूण २० हजार नवे समभाग देईल आणि तिचे समभाग एक लाख वीस हजार होतील. चुलतभावाच्या ९,६०० समभागांबदल्यात त्याला २,४०० मिळतील. पैशांत त्याचे काही जात नाही, कारण दोन्ही बाजूंनी किंमत १२ लाख रुपयेच आहे. पण ज्याच्या संमतीशिवाय संक्षिप्त मार्गाचे विलीनीकरण अडू शकत होते, तो आता दोन टक्क्यांचा भागधारक होतो. माझ्या मते योजना तयार करणाऱ्यांनी अशा भागधारकाशी मसुद्याआधीच बोलावे आणि त्याला बाहेर पडायचे असल्यास योग्य किंमत द्यावी. मूल्यांकनाचा अहवाल पोस्टाने पाठवून सहीची वाट पाहणे हा मार्ग क्वचितच यशस्वी होतो.

धनकोंच्या बाबतीत मूल्याच्या नऊ दशांश इतक्या धनकोंची मंजुरी सभेत किंवा लेखी घ्यावी लागते. लहान कारखान्याच्या देण्यांत बँकेचा वाटा बहुधा दहा टक्क्यांहून बराच मोठा असतो, त्यामुळे बँकेच्या ना हरकत पत्राशिवाय ही अट पूर्ण होत नाही. बँक त्या निमित्ताने तारण आणि वैयक्तिक हमी नव्याने मागते, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

९० टक्के जमत नसतील, तर कलम २३० ते २३२ चा न्यायाधिकरणाचा मार्ग खुला असतो. तेथे हजर राहून मत देणाऱ्यांचे संख्येने बहुमत आणि मूल्याने तीन चतुर्थांश संमती पुरते. आपल्या उदाहरणात चुलतभावाचा विरोध तेथे योजना अडवू शकणार नाही. मात्र वेळ आणि वकिलाचा खर्च वाढेल.

मंजुरी आणि आदेश

सभा झाल्यावर मंजूर योजना `CAA-11` नमुन्यात प्रादेशिक संचालकांकडे दाखल होते आणि तिच्या प्रती निबंधक व परिसमापकांना दिल्या जातात. त्या दोघांना हरकतीसाठी ३० दिवस असतात. हरकत नसल्यास प्रादेशिक संचालक `CAA-12` नमुन्यात आदेश देतात. योजना सार्वजनिक हिताच्या किंवा धनकोंच्या हिताच्या विरुद्ध वाटल्यास ते ६० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. जून २०२३ पासून, या ६० दिवसांत आदेशही नाही आणि न्यायाधिकरणाकडे अर्जही नाही, अशा स्थितीत मंजुरी मिळाली असे मानले जाते. आदेशाची प्रत `INC-28` नमुन्यात ३० दिवसांत निबंधकांकडे नोंदवली की विलीन झालेली कंपनी परिसमापनाशिवाय विसर्जित होते.

आदेशानंतर काय बिघडते

पहिला धक्का मुद्रांक शुल्काचा असतो. मंजुरी सरकारी अधिकाऱ्याने दिली असली, तरी तिच्यामुळे मालमत्ता एका कंपनीकडून दुसरीकडे जाते आणि महाराष्ट्रात तिच्यावर अभिहस्तांतरण म्हणून शुल्क बसते. दिल्या जाणाऱ्या समभागांच्या बाजारमूल्याच्या १० टक्के हा मूळ दर आहे. मात्र ही रक्कम राज्यातील स्थावर मालमत्तेच्या ५ टक्के आणि समभागमूल्याच्या ०.७ टक्के यांतील मोठ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात दहा टक्के म्हणजे दहा लाख रुपये होतात आणि कमाल मर्यादा पंधरा लाखांची येते, म्हणून शुल्क दहा लाख रुपये भरावे लागेल. एक कोटीच्या कंपनीसाठी ही रक्कम लहान नाही, आणि ती अनेकांच्या अंदाजपत्रकात नसतेच. औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्याची जागा असल्यास महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचा आकार वेगळा.

दुसरी अडचण तोट्याच्या वजावटीची आहे. आयकर कायदा ही सवलत प्रामुख्याने औद्योगिक उपक्रम असलेल्या कंपन्यांना देतो आणि विलीनीकरणानंतर अटी लावतो: घेतलेल्या स्थिर मालमत्तेचा पुस्तकी मूल्याने तीन चतुर्थांश भाग पाच वर्षे ठेवावा, तोच व्यवसाय पाच वर्षे चालवावा आणि चार वर्षांच्या आत स्थापित क्षमतेच्या निम्म्यापर्यंत उत्पादन न्यावे. चाकणचा जुना प्रेस दुसऱ्याच वर्षी भंगारात काढून जागा भाड्याने देण्याचा विचार असेल, तर ही सवलत परत घेतली जाऊ शकते. नियत तारीख मागची असली तरी जीएसटीसाठी दोन्ही कंपन्या आदेशाच्या तारखेपर्यंत वेगळ्याच मानल्या जातात, त्यामुळे मधल्या काळातील परस्पर पावत्या रद्द करू नयेत. शिल्लक इनपुट क्रेडिट `ITC-02` नमुन्यातूनच नव्या कंपनीकडे जाते आणि त्यासोबत सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते.

आयकर विभागाला विलीनीकरणाची लेखी सूचना लगेच द्यावी आणि पोच जपून ठेवावी. मारुती सुझुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, विलीन होऊन संपलेल्या सुझुकी पॉवरट्रेन कंपनीच्या नावे केलेली कर आकारणी अवैध ठरवली. विभागाला विलीनीकरण आधीच कळवलेले होते, ही बाब त्या निकालात महत्त्वाची ठरली.

कामगारांचा प्रश्न मात्र कोणत्याही नमुन्यात भरून सुटत नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण दोन्हीकडच्या वैमानिकांचे पगार आणि ज्येष्ठता वेगळीच राहिली. समान वेतनासाठी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०११ मध्ये संप केला; पुढच्या वर्षी बोइंग ७८७ चे प्रशिक्षण कोणाला द्यायचे, यावरून दुसऱ्या गटाने केला. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांचा पगार वेगळा असेल, तर सेवाज्येष्ठतेची एकत्रित यादी आणि वेतनश्रेणी योजनेच्या मसुद्याबरोबरच तयार करून संघटनेशी लेखी करार करावा. आदेशाच्या दिवसापासून दोन्हीकडचे कामगार एकाच मालकाचे होतात आणि त्या दिवसापासून ती तुलना उघडपणे होऊ लागते.