एचआयव्हीचे उपचार आणि ताठरतेची गोळी : पार्श्वभूमी

मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत रिटोनाविर या एचआयव्हीविरोधी औषधाला मान्यता मिळाली आणि बरोबर दोन वर्षांनी, मार्च १९९८ मध्ये, ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलला. पहिल्या औषधाने जगण्याची मुदत वाढवली, तर दुसऱ्याने त्या जगण्यातल्या एका खाजगी अडचणीवर उपाय दिला. परंतु दोन्ही एकत्र घेतली की धोका निर्माण होतो, हे लवकरच स्पष्ट झाले. सिल्डेनाफिलचा निचरा यकृतातले जे विकर करते, तेच रिटोनाविर रोखून धरते. रिटोनाविरच्या पूर्ण मात्रेबरोबर रक्तातील सिल्डेनाफिल सुमारे ११ पट वाढल्याचे आढळले, आणि आज वापरल्या जाणाऱ्या लहान मात्रेतही हा अडथळा टिकून राहतो.

आपल्याकडे एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रांतून मोफत औषधे २००४ पासून मिळू लागली. पुढे दुसऱ्या टप्प्याच्या उपचारात अॅटाझानाविर व रिटोनाविर ही जोडी आली. ही जोडी घेणाऱ्या एखाद्याने डॉक्टरांना न सांगता मेडिकलमधून सिल्डेनाफिलची ५० मिलिग्रॅमची गोळी आणून घेतली, तर त्याला चक्कर येणे, रक्तदाब उतरणे, दृष्टीत निळसर झाक दिसणे, असे त्रास होऊ शकतात. ताठरता चार तासांहून अधिक राहिली तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. रिटोनाविर घेणाऱ्या रुग्णासाठी सिल्डेनाफिलची मर्यादा ४८ तासांत २५ मिलिग्रॅमची आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने मात्र ही गोळी मुळीच घेऊ नये. डोल्युटेग्राविर असलेल्या आजच्या पहिल्या टप्प्याच्या गोळीत हा अडथळा नाही, त्यामुळे इतर तब्येत पाहून डॉक्टर नेहमीची मात्रा देऊ शकतात. लाज बाजूला ठेवून केंद्रात हा प्रश्न विचारणे म्हणूनच उपचाराचाच भाग मानले पाहिजे.

पण इच्छा मावळण्याचे कारण अनेकदा शरीरात नसून, आपल्यामुळे जोडीदाराला लागण होईल या भीतीत असते. ती भीती किती खरी आहे, हे तपासणाऱ्या नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. लवकर सुरू केलेल्या उपचारांनी जोडीदाराकडे होणारे संक्रमण ९६ टक्क्यांनी घटले, असे २०११ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर युरोपातील अभ्यासांत, विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, औषधांनी दाबलेला असताना निरोध न वापरता झालेल्या हजारो संबंधांतून जोडीदाराकडे एकही संक्रमण गेले नाही.

या निष्कर्षाला अट आहे : गोळी रोज घेतली पाहिजे आणि विषाणूभार चाचणीत विषाणू आढळता कामा नये. गर्मी, परमा यांच्यासाठी निरोध लागतोच. हिपॅटायटिस बीला हा निष्कर्ष तसाच लावता येत नाही. तेथे जोडीदाराची तपासणी करून लस देणे हा खरा बचाव आहे. ज्याला दोन्ही आजार आहेत, त्याच्या एचआयव्हीच्या गोळीतील टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बीवरही काम करतात, म्हणून ती मनाने बंद केल्यास यकृताचा दाह उसळू शकतो.