टाय, शर्ट आणि खिशातला रुमाल : नक्षीची जुळणी

औपचारिक जेवणाला सूट घालून जाताना शर्ट, टाय आणि कोटाच्या वरच्या खिशातला रुमाल हे तिन्ही अशा रीतीने निवडणे की त्यांवरचे पट्टे, चौकडी, ठिपके किंवा बुट्ट्या एकमेकींना खाणार नाहीत, याला नक्षीची जुळणी म्हणता येईल. खिशातल्या या रुमालाला दुकानात पॉकेट स्क्वेअर म्हणतात. मुंबईत आमंत्रणावर ‘लाउंज सूट’ किंवा नुसते ‘फॉर्मल’ लिहिलेले असते तेव्हा हा प्रश्न येतो. ‘ब्लॅक टाय’ लिहिले असेल तर तो येत नाही, कारण काळा बो, पांढरा शर्ट आणि पांढरा रुमाल हे तिथे ठरलेलेच असते. बंदगळा घातला तर टायच नसते आणि रुमालाची गाठ फक्त कोटाच्या कापडाशी पडते.

रंग जुळले की काम झाले असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात निळ्या-पांढऱ्याचे किंवा मरूनचे रंग सहसा आपसात नांदतात. बिघाड होतो तो नक्षीच्या मापात. साडी नेसणाऱ्या घरांत ही गोष्ट न शिकवता कळते. बारीक बुट्टीच्या साडीवर तेवढ्याच बारीक बुट्टीचे ब्लाउज कोणी शिवत नाही. काठाचा रंग धरून साधे ब्लाउज शिवतात, किंवा नक्षी घ्यायचीच असेल तर ठळक घेतात. शर्ट-टायच्या जोडीलाही हाच न्याय लावायचा असतो, फक्त इथे तो टेप लावून मोजता येतो.

मोजायचे काय, याबाबत नेहमी गल्लत होते. ठिपक्याचा आकार किंवा पट्ट्याची रुंदी मोजून भागत नाही. एक नक्षी सुरू झाल्यापासून तीच नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचे अंतर मोजायचे. या नोंदीत त्याला ‘फेर’ म्हटले आहे. शर्टावर ६ मिमी निळा आणि ६ मिमी पांढरा पट्टा असेल तर फेर १२ मिमी. टायवर २ मिमीचे ठिपके दर १२ मिमीला एक असे असतील तर ठिपका इवलासा असला तरी फेर १२ मिमीच. एकावर एक ठेवलेल्या दोन कापडांचा फेर सारखा आला की नजर एकावर स्थिरावू शकत नाही, दोन्हींवर आळीपाळीने उडत राहते आणि टायची कड शर्टात विरघळते. एकाचा फेर दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असला की डोळे त्यांना दोन वेगळ्या गोष्टी म्हणून धरतात. तिप्पट असेल तर काळजीच उरत नाही.

या मोजमापाला खालच्या बाजूने एक मर्यादा आहे. चांगल्या नजरेलाही दोन मीटरवरून साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तपशील सुटा दिसत नाही, आणि जेवणाच्या टेबलापलीकडचा माणूस आपल्याला साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहतो. म्हणून केसासारख्या रेघांचा शर्ट तिथून फिकट एकरंगी दिसतो आणि जुळणीत त्याला साधाच धरावा. विणीत दोन रंगांचे धागे एकाआड एक असलेल्या कापडाचेही तसेच. फोनचा कॅमेरा मात्र या बारीक रेघांना फसतो. त्याच्या सेन्सरची जाळी आणि कापडावरच्या रेघा एकमेकींत मिसळून फोटोत छातीवर पाण्यासारख्या लाटा उमटतात. जिथे भरपूर फोटो निघणार आहेत अशा जेवणाला असा शर्ट टाळलेलाच बरा.

टायचे पट्टे तिरके का असतात, हेही इथे उपयोगी पडते. टायचे कापड ताण सोसून पुन्हा सरळ व्हावे म्हणून ते ४५ अंशांत तिरके कापतात. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ याने १९२० च्या दशकात ही रीत पक्की केली. त्यामुळे सरळ विणलेले पट्टे गळ्यात तिरके येतात. शर्टाच्या उभ्या पट्ट्यांवर ते आडवे-तिरके छेद देतात, म्हणून ‘दिशा वेगळी आहे, चालेल’ असा समज होतो. फेर वेगळा असेल तर तो खरा ठरतो. फेर सारखा असेल तर तिरकेपणाने झगमग उलट वाढते, कारण प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशी एक नवा कोन तयार होतो.

एक जोडी प्रत्यक्ष लावून पाहू. डिसेंबरात दक्षिण मुंबईतल्या एका जिमखान्यात कंपनीचे वार्षिक जेवण आहे आणि दादरचा एक पाहुणा तयारी करतो आहे. सूट साधा नेव्ही. शर्ट पांढरा, त्यावर ६ मिमीचे आकाशी पट्टे. या जातीला इंग्रज शिंपी बंगालचे नाव देतात. टाय मरून, तिच्यावर तेवढ्याच रुंदीचे साईच्या रंगाचे तिरके पट्टे. रुमाल टायबरोबर डबीत आलेला, त्याच कापडाचा. रंग सगळे सभ्य आहेत, पण आरशापासून दोन मीटर मागे जाऊन डोळे किलकिले केले की गाठीखालचा भाग थरथरतो आणि टाय कुठे संपते ते कळत नाही. शर्टाचा फेर १२ मिमी आहे आणि टायचाही १२ मिमी.

पाहुणा कपाटातून दुसरी टाय काढतो : नेव्हीवर बारीक पांढरे ठिपके. ही सुरक्षित वाटते, पण टेप लावल्यावर ठिपक्यांचा फेर १२ मिमीच निघतो. झगमग कमी झाली तरी टाय शर्टावर बसत नाही, चिकटवल्यासारखी दिसते. तिसरी टाय मरूनच, पण तिच्यावर जुन्या सोनेरी रंगाच्या कोयऱ्या आहेत आणि एका कोयरीपासून दुसरीपर्यंत ४० मिमी भरतात. फेर शर्टाच्या तिपटीहून जास्त झाला. पट्टे मागे जातात, कोयऱ्या पुढे येतात आणि टायची कड वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसते. (ही कोयरी काश्मिरी शालींवरून स्कॉटलंडच्या पेझ्ली गावातल्या मागांवर गेली आणि त्या गावाचे नाव घेऊन टायच्या दुकानांत परत आली.)

पहिली पट्ट्यांची टाय वाया गेली असे मात्र नाही. शर्ट बदलून साधा पांढरा घातला की तीच टाय उत्तम दिसते. म्हणून कपाटात एकच चांगला शर्ट ठेवायचा असेल तर तो साधा पांढरा ठेवावा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. चांगली टाय पुष्कळ वर्षे टिकते. शर्ट आधी जातो, आणि साधा पांढरा शर्ट पुन्हा तसाच मिळतो.

आता रुमाल. तो कोटाच्या कापडावर असतो, शर्टावर नाही. त्याच्या आणि टायच्या मध्ये कोटाची साधी पट्टी येते. त्यामुळे रुमालाला मापात थोडी जास्त सूट मिळते. शिवाय खिशाबाहेर त्याचा दोन-चार सेंटिमीटरचाच भाग दिसतो, म्हणून मोठ्या नक्षीच्या रुमालाचा फेर पुरा दिसतच नाही, रंगाचे एक-दोन तुकडे दिसतात. छापील रेशमी रुमाल घ्यायचा असेल तर म्हणूनच मोठ्या नक्षीचा घ्यावा. बारीक ठिपक्यांचा घेतला तर तेवढ्याशा जागेतही टायशी स्पर्धा लागते.

टायच्याच कापडाचा रुमाल मात्र घालू नये. माप एक, रंग एक, नक्षी एक, त्यामुळे दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवत राहतात आणि मधला माणूस हरवतो. इथेही पैठणीच्या घरातली युक्ती चालते. ब्लाउजाला साडीच्या अंगाचा रंग न घेता काठाचा घेतात, तसा रुमालाला टायचा मुख्य रंग न घेता तिच्यातला कमी दिसणारा रंग घ्यावा. वरच्या उदाहरणात तो जुना सोनेरी. पण त्या पाहुण्याच्या अंगावर शर्ट आणि टाय मिळून दोन नक्ष्या आधीच आहेत. तिथे सर्वांत चांगला पांढरा सुती किंवा लिनन रुमाल, सपाट घडी घालून, खिशाच्या काठाला समांतर जेमतेम एक सेंटिमीटर वर ठेवलेला. शर्टात पांढरा आहेच, त्यामुळे तो उपरा वाटत नाही. शर्ट साधा असता तर सोनेरी किनारीचा, मोठ्या फुलांचा रेशमी रुमाल फुगवून ठेवायला हरकत नव्हती.

रेशमी रुमाल निसरडा असतो आणि दोनदा उठाबस झाली की खिशात खाली सरकतो. सुती रुमाल जागेवर राहतो, पण मुंबईच्या दमट हवेत त्याची घडी मऊ पडते. इस्त्रीवाल्याकडे देताना थोडी खळ लावायला सांगितली तर ती रात्रभर धरते. टायला मात्र थेट इस्त्री लावू नये, आतले अस्तर चपटे होऊन गाठ मेल्यासारखी बसते. ती सैल गुंडाळून बॅगेत न्यावी आणि लोकलमधून उतरून, घाम पुसून, ठिकाणी पोचल्यावर बांधावी. घाम पुसायचा रुमाल पॅन्टच्या खिशात वेगळा असावा. वरच्या खिशातला त्या कामाचा नाही.

खरेदीच्या वेळी उजेडाचा विचार कमी लोक करतात. मंगलदास मार्केटच्या आतल्या गल्ल्यांत दिव्यांखाली कापड पाहिले तर नेव्ही आणि काळा, मरून आणि तपकिरी यांतला फरक पुसट होतो. हातात घेतलेला तुकडा बाहेरच्या उजेडात नेऊन पाहू द्या म्हटले तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये मात्र पिवळट, मंद उजेड असतो, तेव्हा घरीही ट्यूबलाइट बंद करून पिवळ्या दिव्याखाली एकदा पाहावे. त्या उजेडात आकाशी पट्टे राखाडी होतात आणि शर्ट-टायमधला उजळ-गडद फरक हाच आधार उरतो. दोघांचा गडदपणा सारखा असेल तर फेर कितीही वेगळा असला तरी जोडी मळकट दिसते. फोनवर काळा-पांढरा फोटो काढला की हा दोष लगेच उघडा पडतो : टाय शर्टाहून स्पष्ट गडद दिसली पाहिजे.

पट्ट्यांच्या टायबाबत मुंबईत आणखी एक जपावे लागते. क्लब, जिमखाने, जुन्या शाळा आणि लष्करी पलटणी यांच्या ठरावीक रंगांच्या टाय असतात, आणि अशा जेवणाला त्या ओळखणारे हमखास दोघे-तिघे भेटतात. सदस्य नसताना तसे पट्टे गळ्यात असले तर ‘कुठल्या बॅचचे तुम्ही?’ असा प्रश्न येतो. ब्रिटिश पलटणींच्या टायचे पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली उजवीकडे उतरतात. ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीने आपल्या पट्ट्यांची दिशा उलटी ठेवली. पट्टे हवेच असतील आणि रंगांची खात्री नसेल तर उलट्या उताराची टाय घेतली की हा प्रश्न सहसा टळतो.