आडनाव झाकल्याने निवड निष्पक्ष होते का?

खासगी कंपन्यांना एकाच पात्रतेचे, फक्त नावात फरक असलेले अर्ज पाठवले तर काय होतं? अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी हेच करून पाहिलं. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज धाडले. शिक्षण आणि अनुभव तोलामोलाचे होते, जातीचा किंवा धर्माचा कुठेही उल्लेख नव्हता. फरक एवढाच, की एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, दुसरं दलित, तिसरं मुस्लीम. 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दलित वाटणाऱ्या नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश होती, आणि मुस्लीम नावाला जेमतेम एक-तृतीयांश. उमेदवाराचं तोंडही न पाहता हा निवाडा झाला होता.

आडनाव झाकण्याची कल्पना अशा पुराव्यांवर उभी आहे. अर्जाला क्रमांक द्यायचा, छाननी करणाऱ्याला शिक्षण, अनुभव आणि कामाचा नमुना तेवढा दाखवायचा. आपल्याकडे आडनाव ऐकून ‘कुठले तुम्ही?’ असं विचारलं जातं, आणि पुष्कळदा त्या प्रश्नामागचा खरा प्रश्न वेगळाच असतो. गंमत म्हणजे या अंदाजाला भक्कम आधारही नसतो. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड, आणि नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेबही गायकवाड. जाधव, पवार ही आडनावंसुद्धा अनेक समाजांत आहेत. म्हणजे छाननी करणारा चुकीचा तर्क करूनही एखाद्याचा अर्ज बाजूला ठेवू शकतो, आणि त्या उमेदवाराला ते कधीच कळत नाही.

पण नुसतं आडनाव खोडून भागत नाही. ईमेलच्या पत्त्यात ते असतं, पीडीएफ फाइलच्या नावात असतं. गावाचा पत्ता, वडिलांचं नाव, एखाद्या समाजासाठीच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख, यांतूनही सुगावा लागतो. मुलाखतीला तर समोरासमोर बसावंच लागतं. त्यामुळे झाकण्याचा उपयोग पहिल्या चाळणीपुरताच.

त्यातही एक धोका आहे, तो फ्रान्समध्ये दिसला. तिथल्या सरकारी रोजगार संस्थेने स्वखुशीने सहभागी झालेल्या कंपन्यांना 2010–11 मध्ये निनावी अर्ज पाठवले. स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांना मुलाखतीची संधी वाढण्याऐवजी घटली. संशोधकांच्या मते, पुढे आलेल्या कंपन्या बहुधा आधीच अशा उमेदवारांना संधी देऊ पाहणाऱ्या होत्या. नाव दिसत होतं तेव्हा शिक्षणातला किंवा अनुभवातला खंड त्या समजून घेत. नाव गेलं आणि तो खंड नुसती उणीव ठरला.

म्हणून मला वाटतं, आडनाव छाननी करणाऱ्यापासून लपवावं, पण नोंदीतून पुसू नये. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपला सामाजिक प्रवर्ग वेगळ्या कागदावर द्यावा, तो भरतीशी संबंध नसलेल्या माणसाकडे असावा, आणि निवड संपल्यावर प्रत्येक टप्प्यावर कुठल्या प्रवर्गातले किती उमेदवार गळले याचा हिशेब मांडावा. चाळणीत सगळे टिकले आणि मुलाखतीत एकाच प्रवर्गातले गळले, तर खोट कुठे आहे ते त्या हिशेबातच दिसेल.